उघडं कार्ड

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. मिरजेला मामूंच्या नातवाचा वलीमा होता म्हणून कोल्हापूरहून गेले होते. बायकांच्या बाजूला दस्तरखान अंथरलेलं, समोर बिर्याणीचं ताट आलेलं. मी पहिला घास उचलला आणि शेजारी बसलेल्या मुमानी कानाजवळ येऊन म्हणाल्या, "बेटा, सगे भाई को ऐसा लिखते क्या?"

मला काही समजेना. मग त्यांनी पदराआडून फोन काढला. फोनमध्ये एक फोटो होता. वर माझं घरातलं लाडकं नाव, 'मुन्नी'. माझ्या भाईजाननी माझा नंबर त्याच नावाने ठेवला आहे. आणि खाली माझं एकच वाक्य होतं : "तुम्हाला घर हवंय, अम्मी नको."

वाक्य माझंच होतं. ते मी लिहिलं नाही असं मला म्हणता येणार नव्हतं. पण त्याच्या आधी मी सहा ओळी लिहिल्या होत्या, त्या फोटोत नव्हत्या. त्या सहा ओळी ज्या मेसेजला उत्तर म्हणून लिहिल्या, तो भाईजानचा मेसेजही नव्हता. फोटो नेमका तेवढाच कापलेला होता. मुमानींनी तो त्यांच्या सुनेकडून घेतला होता, सुनेने कुणाकडून घेतला हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या दस्तरखानावर बसलेल्या किती जणींनी तो पाहिला असेल, याचा हिशोब करत मी ताटातली बिर्याणी तशीच ठेवली.

सर्वांत वाईट गोष्ट मला संध्याकाळी कळली. अम्मींनाही ते वाक्य कुणीतरी वाचून दाखवलं होतं. अम्मी कुराण शरीफ वाचतात, पण मराठी-उर्दू काही वाचत नाहीत. त्यामुळे माझं वाक्य त्यांच्यापर्यंत दुसऱ्याच्या आवाजात गेलं. कुठल्या आवाजात, कुठे जोर देऊन, ते मला आजही ठाऊक नाही. 'अम्मी नको' हे दोन शब्द त्यांनी ऐकले. ते कुणी म्हटले आणि कुणाबद्दल म्हटले, हे त्यांच्या मनात उलटसुलट झालं. अकरा दिवस त्या माझा फोन घेत नव्हत्या.

भांडण कशाचं होतं ते सांगते, कारण आपल्यातल्या बहुतेक घरांत ते या ना त्या रूपात आहेच. अब्बा २०१९ साली गेले. मागे मिरजेतलं राहतं घर. वारस चौघे : अम्मी, भाईजान, मी आणि सोलापूरला दिलेली माझी धाकटी बहीण, छोटी. सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळकत पत्रिकेवर चौघांची नावं वारस म्हणून लागली. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग भाईजानचा मेसेज आला की कागद तयार आहेत, दोघी बहिणींनी येऊन हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात. शेवटी एक ओळ होती : "इतक्या वर्षांत घराला कुणी एक वीट लावली नाही."

अब्बांच्या शेवटच्या आजारात मी शाळेतून रजा काढून दोन महिने त्या घरात राहिले होते. ती ओळ मला लागली. रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी मी उत्तर लिहिलं आणि शेवटच्या वाक्यावर येऊन बोट दाबलं. सकाळी फजरनंतर वाचलं तेव्हा जीव खाली-वर झाला. पुसायला गेले. पण त्या काळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज दोघांच्या फोनमधून पुसायला साधारण तासाभराचीच मुदत होती. ती टळून गेली होती. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ही मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त झाली, पण तेव्हा ती मिळाली असती तरी काय झालं असतं? पुसलेल्या मेसेजच्या जागी पुसल्याची खूण राहते. ती खूण सांगते की इथे काहीतरी होतं, आणि लोक त्याच्यापेक्षा वाईट काहीतरी मनाने भरतात.

अब्बांची मला त्या दिवसांत फार आठवण आली. अब्बा पोस्टात नव्हते, मुन्शीही नव्हते. पण मोहल्ल्यात ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची पत्रं ते लिहून देत. कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाचा नवरा सौदीला. संध्याकाळी ओट्यावर एखादी खाला येऊन बसायची, पदराच्या गाठीतून कार्ड काढायची आणि सांगू लागायची. सांगता सांगता ती रडायची, सुनेला शिव्या द्यायची. अब्बा सगळं ऐकून घेत, आणि मग विचारत, "ये कार्ड पे लिखूँ, के अंतर्देशी लाती?" कारण पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, पोचल्यावर दारातला पहिला माणूस वाचतो, आणि ज्याला आलं त्याला वाचता येत नसेल तर अख्खी चाळ ऐकते. मयतीच्या कार्डाचा तर कोपरा फाडलेला असायचा, म्हणजे हातात घेण्याआधीच बातमी कळायची. म्हणून उघड्या कार्डावर अब्बा तेवढंच लिहीत, जे चारचौघांत वाचलं तरी त्या खालाला खाली मान घालावी लागणार नाही. बाकीचं अंतर्देशीत. आणि काही गोष्टी ते अंतर्देशीतही लिहीत नसत. म्हणत, "ये तू आने पे बोल."

फोन हातात आल्यावर आमची समजूत झाली की हे अंतर्देशी आहे. माझ्या आणि भाईजानच्या मधे तिसरं कुणी नाही. कंपनीही सांगते की वाटेत कुणी वाचू शकत नाही, आणि ते खरंही आहे. पण वाटेत कुणी वाचलंच नव्हतं. ज्याच्यासाठी लिहिलं, त्याच्या हातातूनच ते बाहेर गेलं. त्याला कुठलंच कुलूप पुरत नाही.

माझ्या मुलाने मला सगळे उपाय दाखवले. मेसेज चोवीस तासांत, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत आपोआप नाहीसा व्हावा अशी सोय आहे. पण तो नाहीसा होईपर्यंत फोटो काढता येतो, आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घेतला तर लिहिणाऱ्याला काही कळत नाही. एकदाच पाहता येईल असा फोटो पाठवला तर त्याचा स्क्रीनशॉट फोन घेऊ देत नाही. साध्या लिहिलेल्या मेसेजला मात्र ती सोय नाही. आणि कुठलीही सोय असली तरी शेजारच्या माणसाच्या फोनने या फोनचा फोटो काढायला कोण अडवणार? २०२३ पासून पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण दुरुस्त केल्याची खूण त्यावर राहते. थोडक्यात, उघड्या कार्डाचं अंतर्देशी करण्याचा उपाय नाही. उपाय एकच, कार्ड आहे हे धरून लिहिणं.

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. भाईजानचा तो 'वीट लावली नाही'वाला मेसेज आला, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं? त्याचा स्क्रीनशॉट काढून छोटीला पाठवला. तिने तो तिच्या नणंदेला दाखवला. भाईजानच्या त्या मेसेजमध्ये वरती अब्बांच्या बरसीचा आणि आम्हा दोघींच्या मुलांच्या शिक्षणाची चौकशी करणारा मजकूर होता. तो मी कापला होता. म्हणजे जे माझ्या वाक्याचं झालं, ते त्यांच्या वाक्याचं मी आधीच केलेलं होतं. हदीसमध्ये एका गोष्टीचा उल्लेख येतो : माणूस काही सांगताना मान वळवून आजूबाजूला पाहतो, तेव्हा त्याने सांगितलेलं ते ऐकणाऱ्याकडे अमानत होतं. फोनवर लिहिताना मान वळवून बघायची सोयच नाही. म्हणून समोरच्याला कळत नाही की ही अमानत आहे. मलाही कळलं नव्हतं.

सव्वा वर्ष असंच गेलं. अम्मी बोलू लागल्या, पण घराचा विषय निघाला की गप्प होत. मार्च २०२३ च्या सुरुवातीला, रमजान तीन आठवड्यांवर असताना, भाईजानचा पुन्हा मेसेज आला : सही कधी करणार? फोन करून बोलावं असं मला वाटलं, केलाही. पण भाईजान म्हणाले, "जो है वो लिख के भेज." आता लिहिणं भागच होतं, आणि जे लिहीन त्याचा स्क्रीनशॉट निघणार हेही नक्की होतं. या वेळी मी तो मेसेज कागदावर लिहिला. चार दिवस लिहीत होते. तीसेक वर्षं मुलांचे निबंध तपासले, पण इतकी खोडाखोड कधी केली नव्हती. ती कशी केली ते सांगते.

पहिला मसुदा सुरू होत होता तो असा : "मी सही करणार नाही असं माझं म्हणणं नाही." वाचताना बरं वाटलं. मग मी कागद आडवा धरून अर्धं वाक्य हाताने झाकलं. उरलं : "मी सही करणार नाही." कापणाऱ्याला याहून सोपं काय हवं? तेव्हा पहिली गोष्ट मी ही शिकले की नाकारायची गोष्ट वाक्यात आणायचीच नाही. 'भाभींनी अम्मींना त्रास दिला असं मी कुठं म्हणते?' असं लिहिलं, की लोकांच्या लक्षात भाभी, अम्मी आणि त्रास एवढंच राहतं. जे म्हणायचं तेच सरळ लिहायचं. मी लिहिलं : "वाटणी ठरली की मी सही करीन." हे कुठूनही कापलं तरी उलटं होत नाही.

मग मी एकेक परिच्छेद वेगळ्या कागदावर उतरवला आणि तो एकटाच वाचून पाहिला. फोनच्या एका पडद्यावर दहा-पंधरा ओळी मावतात. मेसेज लांब असेल तर खालचा भाग दुमडलेला राहतो आणि 'पुढे वाचा' असं दाबावं लागतं. स्क्रीनशॉट घेणारा बहुधा दाबत नाही. त्यामुळे सुरुवातीला चार ओळी सलाम-दुआ आणि रागाच्या, आणि मुद्दा शेवटी, अशी रचना केली तर फक्त राग फिरतो. मुद्दा वर हवा. प्रत्येक परिच्छेदाने आपल्यापुरतं पूर्ण बोललं पाहिजे, शेजारच्या परिच्छेदाची मदत लागता कामा नये. तसंच आपल्या मेसेजच्या वरचा प्रश्न कापला जाणार हे धरून, कशाचं उत्तर देतोय ते मेसेजमध्येच लिहायचं. तारीखही लिहायची. मेसेजच्या कोपऱ्यात वेळ दिसते, पण तारीख वेगळ्या पट्टीवर असते आणि ती पट्टी फोटोत येतेच असं नाही. जुना मेसेज आजचा म्हणून दाखवायला एवढं पुरतं.

आता सर्वांत नाजूक भाग. दुसऱ्या मसुद्यात माझं एक वाक्य होतं : "भाईजान, मला काही नको, घर तुमचंच आहे, फक्त हिशोब व्हावा." आपल्याकडे बहिणी असं म्हणतातच. माहेर तुटू नये म्हणून जीभ आपोआप वळते. कायद्याने त्या वाक्याने हक्क सुटत नाही. मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र लिहून ते दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदवावं लागतं, मेसेजने ते होत नाही. पण नात्यात कचेरीचा कायदा कोण बघतो? उद्या मी हिस्सा मागितला की तोच फोटो पुढे येणार : हे बघा, स्वतःच लिहिलं होतं, काही नको. रागाचं वाक्य माणसाला बदनाम करतं, पण गोडीचं वाक्य त्याला बांधून टाकतं. रागाचं वाक्य मी दुसऱ्या दिवशी ओळखलं होतं. हे गोड वाक्य मात्र चौथ्या दिवशी कागद वाचताना दिसलं. ते खोडताना मला रागाच्या वाक्यापेक्षा जास्त त्रास झाला, कारण ते लिहिताना माझ्या मनात खोटेपणा नव्हता.

आणि एक गोष्ट मी लिहून खोडली, ती खोडल्याबद्दल मी आजही अल्लाहचे शुक्र मानते. भाईजानच्या धंद्यात खोट आली तेव्हा भाभींचे दागिने गहाण पडले होते. हे भाभींनी मला एकटीला सांगितलं होतं, त्यांच्या माहेरी ठाऊक नव्हतं. 'तुमची अडचण मला माहीत आहे, दागिन्यांपर्यंत गोष्ट गेली' असं मी सहानुभूतीनेच लिहिलं होतं. पण तो फोटो भाभींच्या भावाच्या फोनमध्ये गेला असता तर? माझं आणि भाईजानचं भांडण माझं आहे, त्यात माझं वाक्य फिरलं तर ती किंमत मी मोजीन. तिसऱ्या माणसाचं गुपित मात्र माझं नाही. ते कुठल्याही लिखाणात घालण्याचा मला अधिकार नाही, कितीही चांगल्या हेतूने.

शेवटी जो मेसेज गेला तो असा. रविवार होता, सकाळी अकराच्या सुमारास पाठवला. रात्री पाठवायचा नाही असं ठरवलं होतं, कारण फोटोत 'एक चाळीस' दिसलं की वाचणारा आधीच ठरवतो की ही बाई झोप उडवून भांडत बसली आहे.

"अस्सलामु अलैकुम भाईजान. आज ५ मार्च २०२३. हक्कसोडपत्रावर सही कधी करणार, असं तुम्ही विचारलंत, त्याचं हे उत्तर. वाटणी ठरली की मी सही करीन.

अम्मी हयात आहेत तोवर त्या याच घरात राहतील आणि घर विकलं जाणार नाही, हे आपण तिघांनी आधी कागदावर लिहावं.

अब्बांच्या दवाखान्यासाठी तुम्ही दोन लाख रुपये भरलेत. ते वाटणीच्या आधी तुम्हाला मिळावेत. घराची किंमत पन्नास लाख धरली तर उरतात अठ्ठेचाळीस लाख.

शरियतप्रमाणे त्याचे बत्तीस भाग होतात. अम्मींचे चार, तुमचे चौदा, माझे सात, छोटीचे सात. म्हणजे अम्मींचे सहा लाख, तुमचे एकवीस लाख, आम्हा दोघींचे साडेदहा-साडेदहा लाख. मोजणीत चूक असेल तर मौलानांना आणि वकिलांना दाखवून दुरुस्त करू.

माझा हिस्सा तुम्ही सवडीने, हप्त्यांनी दिलात तरी चालेल. छोटीचं तिला विचारावं. हा मेसेज कुणाला दाखवायचा असेल तर पूर्ण दाखवा. तुमची बहीण."

यात काही हुशारी नाही. बत्तीस भागांचा हिशोब आपल्या घरातल्या कुठल्याही मौलानांनी सांगितला असता. बायकोचा आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला दोन, मुलीला एक. कर्ज आणि मयतीचा खर्च आधी वजा, मग वाटणी. सूरह निसामध्ये हा हिशोब आहे. आणि सूरह बकरामध्ये देणं-घेणं लिहून ठेवण्याची, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची ताकीद इतक्या विस्ताराने आहे की ती कुराणातली सर्वांत लांब आयत आहे. ती आयत मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण 'लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं' याचा अर्थ माझ्यापुरता मला त्या चार दिवसांत कळला. भाईजानचे दोन लाख मी आधी लिहिले ते मोठेपणा म्हणून नाही. ते नसते तर मेसेज खरा झाला नसता, आणि माझ्या बाजूचा असूनही अर्धवट कापलेल्या फोटोसारखाच राहिला असता.

शेवटची ओळ, 'पूर्ण दाखवा', ही ठेवावी की नाही यावर मी खूप घोळले. माझा मुलगा म्हणाला, "अम्मी, म्हणजे तुम्हीच परवानगी देताय." मी म्हटलं, परवानगी मी दिली काय आणि न दिली काय, फोटो निघणारच. 'कुणाला दाखवू नका' असं लिहिलं असतं तर त्याच ओळीने तो फोटो जास्त चवीने फिरला असता. हो, एक काम मात्र मी केलं. पाठवलेला मेसेज माझ्या फोनमध्ये तसाच ठेवला, पुसला नाही. कुठल्याही नंबरला माझं नाव देऊन कुणीही हवं ते वाक्य लिहून त्याचा फोटो काढू शकतो. तेव्हा आपल्याकडे मूळ असणं, तेही वरच्या-खालच्या मेसेजसकट, हाच एक भरवसा. कोर्टाची वेळ आली तरी नुसत्या छापलेल्या स्क्रीनशॉटने भागत नाही, त्यासोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आधी ती जुन्या पुरावा कायद्यात होती. आमचं कोर्टापर्यंत गेलं नाही, पण मूळ माझ्याकडे आहे, एवढ्याने रात्री झोप लागत होती.

स्क्रीनशॉट निघाला. व्हायचं ते झालंच. चौथ्या दिवशी भाभींच्या माहेरी माझ्या मेसेजचा तिसरा-चौथा परिच्छेद पोचला, वरचा-खालचा नाही. 'मुन्नीने भावाकडे साडेदहा लाख मागितले' अशी बोलवा झाली. मुमानींनी पुन्हा मला फोन केला. या वेळी मी ताट सोडून उठले नाही. म्हटलं, "मुमानी, जो देखी वो सच है. दो लाख वाली लाइन भी पढ़ो, उसी के ऊपर है." फोनवर जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "हाँ, है तो." कापलेल्या तुकड्यातही भाईजानचे दोन लाख होते, अम्मींचे चार भाग होते. तुकडा अपुरा होता, पण खोटा नव्हता. उघड्या कार्डाकडून याहून जास्त काही मिळत नाही. बोलणं थांबत नाही, फक्त जे बोललं जातं ते आपलं म्हणून आपल्याला उभं राहता येतं.

अम्मींना तो मेसेज भाईजानच्या मुलीने वाचून दाखवला, सगळा. दोन दिवसांनी अम्मींचा फोन आला. त्या मेसेज म्हणत नाहीत. म्हणाल्या, "तेरा ख़त सुनी मैं." पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चार हिस्से मेरे भी हैं गे? मेरे कू कोई बोलाच नै."

हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही तिघं भावंडं चार वर्षं अम्मींच्या नावाने भांडत होतो, आणि त्यांचा स्वतःचा आठवा हिस्सा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मिळकत पत्रिकेवर त्यांचं नाव लागलं तेव्हा भाईजाननी जिथे सांगितला तिथे त्यांनी अंगठा दिला होता. ज्या मेसेजचा स्क्रीनशॉट निघेल म्हणून मी चार दिवस धास्तावले होते, तो निघाला म्हणूनच वाचला गेला, आणि वाचला गेला म्हणूनच अम्मींना आपला हक्क कळला.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. भाईजाननी दीड महिन्याने, ईदच्या दुसऱ्या दिवशी एका शब्दाचं उत्तर पाठवलं : "ठीक." अम्मींच्या राहण्याचा कागद झाला. माझ्या हिश्श्याचे दोन हप्ते आले, एक बाकी आहे, तो आला की दुय्यम निबंधकांकडे जाऊन मी सही करणार आहे. छोटी अजून भाईजानशी नीट बोलत नाही. माझं ते २०२१ चं वाक्य कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असेल. ते मला परत घेता येणार नाही.

पण 'मुन्नी' हे नाव भाईजाननी बदललेलं नाही. मागच्या ईदला त्यांचा फोन चार्जिंगला लावला होता, तेव्हा माझ्याच मुलाचा फोन माझ्या नंबरवरून त्यांना गेला आणि पडद्यावर ते नाव आलं. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं. दोघांनीही काही म्हटलं नाही. भाईजाननी फोन उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोल, तेराच है."